यादृच्छिक चाचण्या आणि विकास कार्यक्रमांचे मूल्यमापन

यादृच्छिक चाचणी म्हणजे एखादी योजना कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोपवून, पुढे दोन्ही गटांची तुलना करण्याची पद्धत. ही पद्धत औषधशास्त्रातून आणि शेतीच्या प्रयोगांतून आली. विकास अर्थशास्त्रात ती 1990 च्या दशकापासून रुजली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

पद्धतीचे बळ एका साध्या गोष्टीत आहे. ज्या शाळेला जादा शिक्षक मिळतो ती बहुधा आधीच जागरूक पालकांची किंवा वजनदार पुढाऱ्याच्या गावची असते, त्यामुळे तिथली मुले पुढे गेली तरी श्रेय शिक्षकाचे की गावाचे हे सांगता येत नाही. चिठ्ठ्या टाकल्या की असे छुपे फरक दोन्ही गटांत सारखेच विखुरले जाण्याची शक्यता असते, आणि योगायोगाने किती फरक पडू शकतो याचाही हिशेब मांडता येतो.

केनियातील कंत्राटी शिक्षकांच्या प्रकरणात या पद्धतीचे बळ आणि तिची हद्द, दोन्ही एकत्र दिसतात. 2005 मध्ये पश्चिम केनियातील 210 प्राथमिक शाळांत प्रयोग सुरू झाला. त्यांतील 140 शाळांना पहिलीसाठी एक जादा कंत्राटी शिक्षक देण्यात आला. त्याचा पगार कायम शिक्षकाच्या सुमारे एक चतुर्थांश होता. तरीही कंत्राटी शिक्षक वर्गात अधिक नियमित हजर राहिले आणि त्यांच्या हाताखालची मुले परीक्षेत पुढे गेली. निष्कर्ष स्पष्ट होता, खर्चही कमी होता. पुढे सरकारने देशभर 18,000 कंत्राटी शिक्षक नेमायचे ठरवले.

या विस्ताराबरोबरच टेसा बोल्ड, जस्टिन सँडफर आणि त्यांच्या केनियन सहकाऱ्यांनी दुसरी चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. देशातल्या सर्व आठ प्रांतांतून 192 शाळा घेण्यात आल्या. काही शाळांत कंत्राटी शिक्षक एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेमार्फत नेमले गेले, काहींत सरकारमार्फत, आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. कराराचा मसुदा दोन्हीकडे सारखाच होता. संस्थेच्या शाळांतील मुलांचे गुण लक्षणीय वाढले. सरकारी अंमलबजावणीच्या शाळांत परिणाम शून्य.

म्हणजे पहिला प्रयोग चुकीचा होता का? नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरेच होते, पण ‘कंत्राटी शिक्षक उपयोगी पडतो’ या वाक्यात ‘कोणी नेमलेला’ हा शब्द गाळला गेला होता. पहिल्या प्रयोगात तो सगळीकडे सारखाच असल्यामुळे त्याचे महत्त्व दिसायला वावच नव्हता. दुसऱ्या चाचणीत नेमणारी यंत्रणाच चिठ्ठीने ठरली, म्हणून ते उघड झाले. यादृच्छिक चाचणीची उणीव इथे यादृच्छिक चाचणीनेच दाखवली, हे या पद्धतीवर सरसकट टीका करणारे सहसा विसरतात.

मात्र ‘असे का झाले’ इथे तिची हद्द येते. शिक्षकांच्या गुणवत्तेतील दिसणाऱ्या फरकाने ही तफावत फारशी उलगडत नव्हती. संशोधकांचा रोख प्रशासकीय आणि राजकीय विरोधाकडे होता: अंमलबजावणीतील दिरंगाई, आणि त्याच कराराचा दोन ठिकाणी लावला गेलेला वेगवेगळा अर्थ. शिक्षक संघटनेने योजनेला विरोध केला होता आणि कंत्राटींना कायम करण्याची मागणी रेटली होती. सरकारने नेमलेल्याला ‘आज ना उद्या कायम होऊ’ असे वाटले, तर मुदत संपण्याचा धाक उरत नाही. हे पटण्याजोगे आहे. पण दिरंगाई किंवा ती आशा कोणी चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. म्हणून हा भाग इतर कोणत्याही निरीक्षणात्मक पुराव्याइतकाच मजबूत आहे, त्याहून जास्त नाही. एकाच शोधनिबंधातली दोन वाक्ये अशी वेगवेगळ्या वजनाची असू शकतात.

शिवाय पहिल्या प्रयोगाच्या वेळी संघटनेला रस्त्यावर उतरायचे कारणच नव्हते. 140 जादा शिक्षकांनी कोणाची नोकरी धोक्यात येत नाही, 18,000 शिक्षकांनी येते. योजना मोठी झाल्यावरच जन्माला येणारी प्रतिक्रिया छोट्या प्रयोगात मोजता येत नाही, मग नमुना कितीही काळजीपूर्वक निवडलेला असो.

सरासरीचा प्रश्नही इथेच येतो. चाचणी दोन गटांच्या सरासरीतला फरक देते. परिणाम शून्य, याचा अर्थ कोणालाच काही झाले नाही असाही होतो, किंवा निम्म्या मुलांचे पाच गुण वाढले आणि निम्म्यांचे पाच घटले असाही. एकच मूल एकाच वेळी दोन्ही गटांत असू शकत नाही. त्यामुळे किती जणांचा फायदा झाला हे फक्त दोन सरासऱ्यांवरून कळत नाही. मुली, मागासलेले वर्ग किंवा दुर्गम शाळा असे उपगट पाहता येतात, पण ते आधी ठरवलेले नसतील तर योगायोगाने एखादा ‘परिणाम’ हाती लागण्याचा धोका वाढत जातो.