दोर-साखळी सदृशीकरण, संगणकीय खेळांतील

दोर किंवा साखळी ही कणांची माळ मानून लगतच्या कणांमधील अंतर ठरावीक ठेवणारे निर्बंध सोडवण्याची पद्धत. खेळांमध्ये ती रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः टॉमस याकोब्सेन यांना दिले जाते. ‘हिटमॅन : कोडनेम ४७’ या खेळासाठी वापरलेली ही रीत त्यांनी २००१ मध्ये मांडली. मात्र कण आधी मोकळे सरकू द्यायचे आणि मग अंतरे एकेक करून दुरुस्त करायची, ही कल्पना रेणूंच्या सदृशीकरणातील ‘शेक’ रीतीत (१९७७) स्पष्ट दिसते. त्यामुळे याकोब्सेन यांना जनक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

निर्बंधांऐवजी कणांमध्ये स्प्रिंगा बसवल्या तर ताठरपणाला मर्यादा पडते. सेकंदाला ६० कालपायऱ्या आणि ०.१ किग्रॅ.चा कण धरल्यास, नेहमीच्या अर्ध-व्यक्त ऑयलर रीतीत स्प्रिंगांची माळ स्थिर राहण्यासाठी `k < m/Δt²`, म्हणजे स्प्रिंगचा ताठरपणा k सुमारे ३६० न्यूटन प्रति मीटरपेक्षा कमी हवा. अशा दोराला ५० किग्रॅ.चे पात्र लटकले की प्रत्येक स्प्रिंग सव्वा मीटरहून अधिक ताणली जाते. k वाढवला तर दोर थरथरतो आणि काही चौकटींत कण पडद्याबाहेर उडतात.

निर्बंधांनी हा स्फोट टळतो, पण ताण पूर्णपणे जात नाही. दुरुस्ती वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. वरील उदाहरणात शेवटचा कण पात्रापेक्षा ५०० पट अधिक सरकतो. तो खाली ओढला जाताच त्याच्या वरचे अंतर वाढते, आणि ही चूक दुरुस्तीच्या आवर्तनागणिक वर सरकत राहते. आवर्तने थोडी असली तर दोर रबरासारखा लांबतो. आवर्तनांची संख्या बदलताच लांबीही बदलली, तर दोष इथेच आहे असे समजावे.

मॅक्लिन, म्यूलर व चेंटानेझ यांच्या ‘एक्सपीबीडी’ या सुधारित रीतीत (२०१६) निर्बंधाची लवचीकता कालपायरीला जोडली आहे. त्यामुळे पुरेशी आवर्तने दिल्यास ताठरपणा आवर्तने आणि कालपायरी यांवर अवलंबून राहत नाही. तरीही पूर्ण ताठ दोराला, म्हणजे लवचीकता शून्य असताना, ती जुन्या रीतीशी एकरूपच होते. इथे उपपायऱ्या अधिक उपयोगी पडतात. एका पायरीत दहा आवर्तने करण्यापेक्षा पायरीचे दहा भाग करून प्रत्येकात एकच आवर्तन करणे बहुधा सरस ठरते, कारण गुरुत्वाने एका पायरीत पडणारी भर कालपायरीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते : १/६० सेकंदात २.७ मिमी., तर १/६०० सेकंदात ०.०२७ मिमी. पायऱ्या फारच बारीक केल्या तर ३२ बिटी संख्यांची अचूकता अपुरी पडू लागते.

जड ओझ्यासाठी खुंटी आणि ओझे यांच्यामध्ये थेट कमाल अंतराचा एक जादा निर्बंध घालतात. ‘बॉक्स२डी’ या खेळांसाठीच्या भौतिकी-प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी `b2RopeJoint` होता. हा निर्बंध सरळ रेषेतील अंतर मोजतो. दोर सरळ लटकलेला असताना तो उत्तम चालतो, पण खांबाला वळसा घालून गेलेल्या दोराचा ताण त्याने कमी होत नाही.