बाथ सॉल्ट आणि बाथ बॉम्ब घरी करताना: बादलीच्या हिशेबाने सुगंध आणि रंग

आमच्याकडून साहित्य नेणारे बरेच जण टबात नाही, बादलीत आंघोळ करतात किंवा पाय बुडवायला घमेलं वापरतात. इंटरनेटवरच्या बहुतेक कृती मात्र शंभर-दीडशे लिटरच्या टबासाठी असतात. टबातला मोठा गोळा पंधरा लिटरच्या बादलीत टाकला, तर तेलाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. म्हणून हे प्रमाण बादलीसाठी बेतलेलं आहे.

सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, आणि मिठात मिसळल्यानेही विरघळत नाही. मीठ पाण्यात विरलं की तेल सुटून वर तरंगतं आणि थेट अंगाला चिकटतं. आग होते ती यामुळे. म्हणून तेल आधी पॉलिसॉर्बेट ८० मध्ये, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणाऱ्या द्रवात, नीट घोटून घ्या, मगच पुढे वापरा. नुसत्या खोबरेल तेलात कालवलं तर ते सौम्य होतं, पण पाण्यात मिसळत नाही. शिवाय फरशी निसरडी होते.

बॉम्बची कृती (२० ग्रॅमचे साधारण २५ गोळे)

खाण्याचा सोडा ३०० ग्रॅम, सायट्रिक ॲसिड म्हणजेच लिंबूसत्त्व १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ५० ग्रॅम. लॅव्हेंडर तेल २.५ ग्रॅम, पॉलिसॉर्बेट ८० पाच ग्रॅम, खोबरेल तेल १० ग्रॅम. धुण्याचा सोडा चुकूनही घेऊ नका, तो त्वचेला जाळतो. सायट्रिक ॲसिडची पूड नाकात झोंबते, तेव्हा मास्क लावा.

कोरडं साहित्य चाळून एकत्र करा. तेलं एकत्र घोटून थेंबथेंब घाला आणि हाताने चोळा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे बारीक फवारे मारा. पाणी नको, कारण ते पडताच सोडा आणि ॲसिड तिथेच फसफसतात. मिश्रण मुठीत दाबल्यावर लाडवासारखं धरलं गेलं पाहिजे. हात उघडताच भुगा झाला तर आणखी एक फवारा मारा. मिश्रण फुगू लागलं किंवा गोळ्यावर फोड आले, तर ओल जास्त झाली. साच्यात घट्ट दाबून काढा आणि पंख्याखाली दिवसभर वाळवा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हवेतली ओल एवढी असते की नीट केलेला गोळाही सुकताना फुगतो. तेव्हा एसीच्या खोलीत वाळवा, नाहीतर त्या दिवसांत फक्त बाथ सॉल्ट करा. अर्धवट ओला गोळा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवू नका. आत वायू साठून झाकण उडतं.

सुगंध किती?

वरच्या प्रमाणात तेल अर्धा टक्का येतं, म्हणजे एका गोळ्यात दोन-तीन थेंब. एका बादलीला तेवढं पुरतं. गवती चहाचं तेल घेतलं तर निम्मंच घाला, त्यातला सिट्रल काहींना ॲलर्जी देतो. लवंग आणि दालचिनीचं तेल आम्ही आंघोळीच्या वस्तूंसाठी देत नाही, मागितलं तरीही नाही. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि अंगावर जखम किंवा इसब असलेल्यांसाठी सुगंधाशिवाय करा. तेलाच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा: हवा लागून जुनं झालेलं लॅव्हेंडर किंवा टी ट्री ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी देतं. आग झालीच तर आधी खोबरेल तेलाने पुसा, मग साबणाने धुवा.

या कृतीत सोडा ॲसिडपेक्षा जरा जास्त उरतो, त्यामुळे पाणी किंचित अल्कधर्मी होतं. शेवटी साध्या पाण्याने अंग धुवा.

रंग

सगळ्यात जास्त तक्रारी निळ्या रंगाच्या येतात: "गोळ्याला सडक्या अंड्याचा वास येतोय." कारण अल्ट्रामरीन निळा रंग. तो सायट्रिक ॲसिडने मोडतो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. साबणात तो उत्तम, बॉम्बमध्ये अजिबात नको. निळ्यासाठी ब्रिलियंट ब्लू घ्या. लेबलवर CI 42090 असतं. चिमूटभर पुरतो, जास्त झाला की टॉवेल आणि टाचा निळ्या होतात.

हळदीचा पिवळा सोड्यात केशरी-लाल होऊ लागतो आणि बादलीला डाग पडतात. बीटाचा गुलाबी ठेवल्यावर तपकिरी पडतो. लाल-तपकिरी छटेसाठी सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचं आयर्न ऑक्साइड टिकतं. अभ्रकाची चमक हवी असेल तर तीही पॉलिसॉर्बेटमध्येच घोटा, नाहीतर बादलीच्या कडेला कडं बसतं. रांगोळी, होळी किंवा कपड्यांचे रंग नकोत. भारतात प्रसाधनांच्या रंगांसाठी IS 4707 हे मानक आहे. त्याला धरून असलेलेच आम्ही ठेवतो.

बाथ सॉल्ट

एप्सम सॉल्ट ४०० ग्रॅम, जाडं मीठ १०० ग्रॅम, त्यात पॉलिसॉर्बेटमध्ये घोटलेलं २.५ ग्रॅम तेल. बादलीला दोन मोठे चमचे पुरतात. एप्सम सॉल्ट बॉम्बमध्ये घालू नका: त्याच्या खड्यात पाणी असतं, ते सुटलं की गोळा बसतो. पायांसाठी घमेल्यात एकच चमचा, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं. मधुमेह असून पायाची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच वापरा.