खुराकाच्या डब्यातली गोळी: मेटॅन्डायनोनचा प्रवास आणि उत्तेजकविरोधी नियम

सांगली-साताऱ्याच्या तालमीत खुराक म्हटलं की दूध, तूप, बदाम आणि थंडाई डोळ्यांसमोर येते. आता त्याच फडताळावर प्रोटीन पावडरचा किंवा ‘मास गेनर’चा पाच-पाच किलोचा डबाही दिसतो. शालेय राज्य स्पर्धेच्या तयारीतल्या अकरावी-बारावीच्या मुलाला तो बहुतेकदा ओळखीचंच कुणीतरी देतं, आणि सोबत एक वाक्य असतं: “घे, यात काही नाही, ताकदीचंच आहे.” उत्तेजकविरोधी नियम हे वाक्य का ऐकून घेत नाहीत, हे कळायला मेटॅन्डायनोन या एका स्टेरॉइडच्या मागे जावं लागतं. जिममध्ये त्याला ‘डायनाबॉल’ म्हणतात.

ही गोळी सिबा या औषध कंपनीने १९५८ च्या सुमारास अमेरिकेत आणली. टेस्टोस्टेरॉन नुसतं गिळलं तर यकृत ते लगेच मोडून टाकतं. म्हणून या रेणूला एक मिथाइल गट जोडला, की तो यकृतातून न मोडता पुढे जातो. यकृतावर ताण येतो तो याच बदलामुळे. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: या स्टेरॉइडचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो. मुलांच्या छातीत गाठ येते ती त्यामुळे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं नुकसान याहून मोठं आहे. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेची पट्टी असते आणि ती बंद करण्याचा संदेश इस्ट्रोजेनच देतं. पट्टी वेळेआधी मिटली की उंची तिथेच थांबते. गोळी सोडली तरी ती परत उघडत नाही. शिवाय बाहेरून संप्रेरक मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो. गोळ्या बंद केल्यावर मरगळ येते, ताकद उतरते आणि मुलगा पुन्हा डब्याकडे वळतो, त्याचं कारण हे. मुलींमध्ये आवाज घोगरा होतो, आणि तो बदल सहसा कायमचा राहतो.

याच रेणूला क्लोरीनचा एक अणू जोडून पूर्व जर्मनीत ‘ओरल ट्युरिनाबॉल’ तयार झालं. १९७४ पासून तिथे सरकारी योजनेखाली पद्धतशीर डोपिंग चाललं. निळ्या गोळ्या शाळकरी वयाच्या जलतरणपटू मुलींनाही दिल्या गेल्या, आणि कित्येकींना त्या जीवनसत्त्वाच्या म्हणून दिल्या. गोळाफेकपटू हायडी क्रिगर हिला सोळाव्या वर्षापासून हे दिलं जात होतं. १९८६ मध्ये ती युरोपीय विजेती झाली. पुढे लिंगबदल करून ती आंद्रेआस क्रिगर या नावाने जगू लागली. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने माजी क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना खेळाडूंना शारीरिक इजा करण्यात साथ दिल्याबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा मात्र निलंबित झाली, म्हणजे तुरुंग टळला.

पेच इथूनच सुरू होतो. त्या मुलींना खरंच माहीत नव्हतं. पण पुढे पकडला गेलेला जवळजवळ प्रत्येक खेळाडू तेच म्हणू लागला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७५ मध्ये स्टेरॉइड्सवर बंदी घातली, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून तपासणीही सुरू झाली, आणि प्रश्न उरला हेतूचा. अमेरिकन नेमबाज क्विगली कैरोतल्या स्पर्धेवेळी आजारी पडला, तिथल्या डॉक्टरने दिलेलं औषध त्याने घेतलं आणि त्यात इफेड्रिन निघालं. १९९५ मध्ये खेळांतले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्याची शिक्षा रद्द केली, कारण त्याच्या संघटनेचे नियम नीट स्पष्ट नव्हते. पण त्याच निकालात तत्त्व सांगून ठेवलं: हेतू सिद्ध करण्याचं ओझं संघटनांवर टाकलं तर डोपिंगविरुद्धची लढाई जवळजवळ अशक्य होईल. नमुन्यात पदार्थ सापडला की नियमभंग झाला. तो कसा आला हे खेळाडूने दाखवायचं. १९९९ मध्ये ‘वाडा’ ही जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली, २००४ पासून तिची संहिता लागू झाली, आणि हे तत्त्व सगळ्या खेळांसाठी एक झालं. आपल्याकडे ‘नाडा’ ही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ मध्ये स्थापन झाली. तिला कायद्याचा आधार २०२२ च्या अधिनियमाने मिळाला.

डब्यांवरचा संशय पोकळ नाही. कोलोन इथल्या प्रयोगशाळेने २०००-०१ मध्ये १३ देशांतून घेतलेली ६३४ पूरकं तपासली. कुठल्याच वेष्टनावर संप्रेरक असल्याचं लिहिलेलं नव्हतं. ९४ नमुन्यांत, म्हणजे साधारण सातात एकात, स्टेरॉइडजन्य पदार्थ निघाले. याचं एक साधं कारण असतं: एकाच मिक्सरमध्ये आधी स्टेरॉइडची घाणी आणि नंतर, नीट न धुता, प्रोटीनची. खेळाडूला त्याने फायदा शून्य. तपासणीत मात्र मायक्रोग्रॅमभरही पुरतं. वेष्टनावरचा एफएसएसएआय क्रमांक अन्नाचा परवाना सांगतो; या बाबतीत त्याचा उपयोग नाही.

२०११ मध्ये भारतीय महिला धावपटूंच्या गटात मेटॅन्डायनोन सापडलं. त्यात आशियाई सुवर्ण जिंकणारी अश्विनी अक्कुंजी होती. प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आलं, असा त्यांचा बचाव होता. देशात एक वर्षाची बंदी मिळाली. लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षं केली. प्रशिक्षकाने दिलं म्हणून डोळे मिटून घेणं पुरेशी काळजी ठरत नाही, हा त्याचा अर्थ. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ मध्ये हाच पदार्थ निघाला. कुणीतरी पेयात कालवलं, हे त्याचं म्हणणं ‘नाडा’च्या समितीने मानलं, रिओत लवादाने मानलं नाही. नमुन्यातलं प्रमाण पाण्यात विरघळवलेल्या पुडीपेक्षा एकदोन गोळ्या गिळल्याशी जुळतं, अशी तज्ज्ञाची साक्ष होती. बंदी चार वर्षांची झाली.

शाळकरी खेळाडूंसाठी मात्र नियमाने पूर्व जर्मनीची आठवण ठेवली आहे. २०२१ च्या संहितेत सोळा वर्षांखालील सगळे ‘संरक्षित व्यक्ती’ ठरतात. नोंदणीकृत तपासणी यादीत नसलेले आणि खुल्या गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धा न खेळलेले अठराखालील खेळाडूही त्यात येतात. आपला मोठा दोष नव्हता हे दाखवताना पदार्थ शरीरात कसा आला ते सिद्ध करण्याची अट त्यांना नाही, आणि तसं मान्य झालं तर शिक्षा समजेपासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत असते. नियमभंग तरीही नोंदला जातो आणि त्या स्पर्धेतला निकाल जातो.

म्हणून डबा घ्यायचाच झाला तर पक्कं बिल घ्या, वेष्टन आणि बॅच क्रमांकाचा फोटो ठेवा, आणि त्याच बॅचचा दुसरा डबा सील न फोडता बाजूला ठेवा. भेसळीचा दावा पुढे करायचा झाला तर उघडा डबा जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण त्यात नंतर काय टाकलं हे कुणी सांगू शकत नाही. सुटी पुडी, हाताने चिकटवलेलं लेबल किंवा नुसतं ‘ताकदीचं’ म्हणून दिलेलं इंजेक्शन असेल तर विषयच संपला. अशा इंजेक्शनांपैकीच एक, शस्त्रक्रियेत रक्तदाब सावरायला वापरतात ते मेफेन्टरमिनही बंदी असलेलं उत्तेजक आहे.

तपासणीत किमान ९० मिलिलिटर लघवी ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत जाते. अल्पवयीन खेळाडूला सोबत प्रतिनिधी ठेवता येतो. अर्जावर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरकं विचारतात. तिथे ‘प्रोटीन’ एवढंच न लिहिता डब्यावरचं पूर्ण नाव आणि किती चमचे घेतलं, ते लिहावं.