फोटोतली पिन कुठली: एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट?

"दादा, एचडीएमआय केबल आहे, दोन्हीकडे नीट बसली, तरी मॉनिटरवर काहीच येत नाही." मावसभावाचा हा मेसेज, आणि सोबत केबलच्या टोकाचा एक फोटो. फोटो वरून काढलेला. काळं प्लास्टिक, पुढे चकचकीत पत्र्याचं तोंड, त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग. असा फोटो पाहून ती एचडीएमआय आहे की डिस्प्लेपोर्ट, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. वरून दोन्ही पिना सारख्याच चपट्या दिसतात.

ओळख पटते ती तोंडाच्या आकारावरून, म्हणून फोटो समोरून हवा. एचडीएमआयचं तोंड बाजूने पाहिलेल्या घमेल्यासारखं असतं: वरची कड रुंद, खालची अरुंद, आणि दोन्ही बाजू खाली जाताना सारख्याच आत वळलेल्या. मधोमध उभी रेघ मारली तर डावं-उजवं तंतोतंत जुळतं. डिस्प्लेपोर्टचं तसं नाही. तो सरळ आयत असतो आणि त्याचा एकच कोपरा तिरका कापलेला असतो, सिमकार्डाचा असतो तसा. म्हणून फोटोत दोन कोपरे शोधायचे. दोन्ही आत वळलेले असले तर एचडीएमआय, एकच कापलेला असला तर डिस्प्लेपोर्ट. फोटो सेल्फी कॅमेऱ्याने काढून उलटा झाला असेल तर कापलेला कोपरा दुसऱ्या बाजूला दिसेल, पण तो एकच राहील.

मापावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. एचडीएमआयचं तोंड साधारण 14 मिमी रुंद, डिस्प्लेपोर्टचं 16. हातात दोन्ही असतील तर फरक जाणवतो, पण तिरक्या फोटोत दोन मिलिमीटर सहज हरवतात. आतल्या पट्ट्या मोजण्यातही अर्थ नाही: एकीत 19, दुसरीत 20, आणि मोबाइलच्या फोटोत त्या धड दिसतही नाहीत.

वरून काढलेल्या फोटोत एक गोष्ट मात्र कामाला येते. बऱ्याच डिस्प्लेपोर्ट केबलींच्या प्लास्टिकवर दाबायचं बटण असतं आणि पत्र्यावर दोन बारीक दात वर आलेले असतात. ते दात मॉनिटरच्या खाचेत अडकतात. नेहमीची एचडीएमआय पिन नुसत्या घट्टपणावर टिकते, तिला बटण नसतं. बटण दिसलं तर डिस्प्लेपोर्टच समजायला हरकत नाही, आणि काढताना ते दाबूनच काढायचं, नाहीतर दातांमुळे खाच खराब होते. पण बटण नसलं म्हणून एचडीएमआय ठरत नाही, कारण बिनबटणाच्या डिस्प्लेपोर्ट केबलीही मिळतात.

भावाला म्हटलं, फ्लॅश बंद कर, खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर केबल ठेव, मोबाइल पिनेच्या अगदी समोर धर आणि थोडा लांबूनच झूम कर, फार जवळ नेलास तर फोकस सुटतो. आणि दोन्ही टोकांचे फोटो पाठव.

दुसऱ्या टोकाचा फोटो आला आणि घोळ कळला. लॅपटॉपकडचं टोक घमेल्यासारखं, मॉनिटरकडचं एकच कोपरा कापलेलं. म्हणजे एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला डिस्प्लेपोर्ट. अशा साध्या केबलीत चित्र एकाच दिशेने जातं: संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. तेही संगणकाचा डिस्प्लेपोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयचा सिग्नल देऊ शकतो म्हणून जमतं. लॅपटॉपच्या एचडीएमआयला तसा डिस्प्लेपोर्टचा सिग्नल देता येत नाही. त्यामुळे पिना दोन्हीकडे चपखल बसल्या तरी मॉनिटरवर `No Signal`. उलट दिशेला सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला बहुधा यूएसबीमधून वेगळी वीज द्यावी लागते. भावाच्या मॉनिटरला मागे एचडीएमआयचं भोकही होतं. दोन्हीकडे घमेली असलेली केबल आणली आणि चित्र आलं.

कोपऱ्यांचा हा नियम फक्त मोठ्या पिनांना लागू पडतो. 2008 नंतरच्या काही मॅकबुकवर दिसणाऱ्या मिनी डिस्प्लेपोर्टला खालचे दोन्ही कोपरे कापलेले असतात, त्यामुळे फोटोत तो छोट्या एचडीएमआयसारखा भासतो. तिथे उंची बघावी. मिनी डिस्प्लेपोर्ट आखूड आणि जाड, साधारण साडेसात मिमी रुंद आणि साडेचार उंच. मिनी एचडीएमआय साडेदहा मिमी रुंद आणि जेमतेम अडीच मिमी उंच, म्हणजे अगदीच पट्टीसारखी.