खाण कामगारांची मुदतपूर्व पूर्ण पेन्शन (गोवा)

जोखमीच्या कामात आयुष्याची ठरावीक वर्षे घालवलेल्या कामगाराला नेहमीच्या वयाआधी निवृत्त होऊन कपातीशिवाय पेन्शन घेता यावी, अशी सोय काही देशांत कायद्याने आहे. पोलंडमध्ये २५ वर्षे जमिनीखाली काम केलेला खाण कामगार वयाची अट न लागता निवृत्त होऊ शकतो. जर्मनीत जमिनीखालच्या कामाचे ३०० महिने पुरे केलेल्यांना वेगळी, लवकरची पेन्शन मिळते. रशियात जोखमीच्या कामांच्या सरकारी याद्या आहेत. कामगाराचे पद यादीत बसते की नाही, यावर तिथे बहुतेक सगळे ठरते.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींना असा कायदा लागू नाही. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांतल्या खाणी उघड्या आहेत, त्यामुळे जर्मन किंवा पोलिश धर्तीची ‘जमिनीखाली’ ही अट इथे आणली तरी क्रशरच्या धुळीत वीस वर्षे काढलेला माणूस तिच्याबाहेरच राहील. इथला कामगार कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली येतो, आणि ही योजना कारकून व ड्रिलर यांत फरक करत नाही. मालकाच्या हिश्श्यातून वेतनाचे ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारकडून १.१६ टक्के, एवढीच वर्गणी प्रत्येकाच्या नावे जमा होते. जोखमीच्या कामासाठी जादा वर्गणी कोणी भरत नाही, म्हणून जादा हक्कही तयार होत नाही. कोळसा खाणींची पेन्शन योजना वेगळी, १९९८ ची आहे. गोव्यातल्या खाणींशी तिचा संबंध नाही.

१९९५ च्या योजनेत पूर्ण पेन्शनचे वय ५८ आहे आणि त्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. नोकरी सुटली असेल तर पन्नाशीनंतर पेन्शन लवकर मागता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी तितकी, दर वर्षामागे ४ टक्क्यांप्रमाणे ती घटते, आणि ही घट ५८ उलटल्यावरही भरून निघत नाही. खाणपट्ट्यात ‘पन्नाशीत पेन्शन मिळते’ असे बोलले जाते ते खरे आहे, पण त्या पेन्शनला पूर्ण म्हणता येत नाही.

वयाआधी कपातीविना पेन्शन मिळण्याची वाट एकच, ती म्हणजे कायमचे व संपूर्ण अपंगत्व. अपंगत्व येण्याच्या वेळी जी कामे माणूस करू शकत होता, त्यांतले कोणतेच आता होत नाही, असे वैद्यकीय मंडळाने ठरवावे लागते. इथे १० वर्षांची अट नाही, एक महिन्याची वर्गणीही पुरते. अपंगत्व कामामुळेच आले, हेही दाखवावे लागत नाही. अट मात्र एक आहे: ते नोकरी चालू असताना आलेले असावे. सिलिकोसिससारखा फुप्फुसाचा आजार धूळ थांबल्यावरही वाढत राहतो आणि बऱ्याचदा नोकरी सुटल्यानंतर काही वर्षांनी उघड होतो. त्या माणसाला ही वाट बंद असते. त्याच्याकडे उरतो भरपाईचा दावा, पूर्वी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालचा, आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेखालचा, आणि भरपाई म्हणजे पेन्शन नव्हे. योजनेतली ही फट सर्वांत अन्यायाची आहे, कारण ज्याच्यासाठी तरतूद हवी तोच तिच्यातून निसटतो.

म्हणून नोकरी सुरू असतानाचे वैद्यकीय कागद मोलाचे. खाण नियम, १९५५ प्रमाणे कामावर घेताना आणि त्यानंतर ठरावीक वर्षांनी तपासणी व्हायची. तिचा दाखला ‘फॉर्म ओ’ या नावाने ओळखला जातो. त्यात छातीच्या एक्स-रेची नोंद असते. कामगाराने ही प्रत स्वतःकडे ठेवलेली असली, तर आजार नोकरीतच दिसू लागला होता हे पुढे दाखवता येते.

बहुसंख्यांच्या बाबतीत मात्र प्रश्न आजाराचा नसतो, सेवेच्या वर्षांचा असतो. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पुन्हा सुरू झालेले काम ८८ खाण भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्च २०१८ मध्ये थांबले. या दोन तारखांनी अनेकांची सेवा मधोमध तोडली.

नमुन्यादाखल एक कल्पित प्रकरण घेऊ. ठेकेदाराकडचा एक लोडर चालक. भविष्यनिधीच्या पासबुकात त्याची रुजू तारीख १ जून २००३, शेवटची वर्गणी ऑगस्ट २०१२ ची. म्हणजे ९ वर्षे ३ महिने. सहा महिने वा जास्त अपूर्णांक पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून साडेनऊ वर्षे असती तर ती दहा मोजली गेली असती. तीन महिन्यांसाठी त्याची जन्मभराची पेन्शन जाते आणि हाती येते ती फक्त एकरकमी रक्कम.

पण तो खाणीवर फेब्रुवारी २००३ पासूनच होता. ठेकेदाराने चार महिने त्याचे नाव निधीत घातले नव्हते. हे सिद्ध करायला ‘फॉर्म बी’ उपयोगी पडतो. खाण कायदा, १९५२ च्या कलम ४८ प्रमाणे खाणीवरच्या प्रत्येक माणसाची, ठेकेदाराच्या माणसांसकट, नोंद व्यवस्थापकाने या नोंदवहीत ठेवायची असे. तिच्यात जन्मतारीख, रुजू तारीख आणि कामाचे स्वरूप येते. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला असला तरी जुन्या सेवेला पुरावा जुन्या नोंदवहीचाच. जोडीला हजेरीपट आणि वेतनपट असले की दावा भक्कम होतो. मग पणजीच्या भविष्यनिधी कार्यालयाकडे थकलेल्या वर्गणीच्या चौकशीची मागणी करता येते. चौकशी अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे कागद मागवण्याचे अधिकार आहेत. थकलेली वर्गणी ठरली आणि वसूल झाली की सेवा ९ वर्षे ७ महिने, म्हणजे हिशेबाला १० होते.

रक्कम किती? त्या वेळची वेतनमर्यादा ६,५०० रुपये, गुणिले १० वर्षे, भागिले ७०, म्हणजे महिना सुमारे ९२९ रुपये. ५८ ला घेतली तर २०१४ पासूनच्या किमान १,००० रुपयांपर्यंत ती चढते. एवढ्याशा रकमेसाठी एवढी धडपड का, असे विचारणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की याच हक्काला विधवेची पेन्शन जोडलेली असते.

मात्र त्याने २०१२ नंतर फॉर्म १०-सी भरून पेन्शनचा भाग काढून घेतला असेल, तर ही सेवा पुसली गेली. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येते, आणि पुढच्या कोणत्याही नोकरीची सेवा त्यात मिळवता येते. घरात चूल पेटवायची पंचाईत असताना प्रमाणपत्र घ्या, असे सांगणारे माणूस जवळ असणे गरजेचे होते.

दावे अडकण्याचे गोव्यातले खास कारण नावाचे स्पेलिंग. एकच गावकर आडनाव जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाने आणि आधारवर इंग्रजी वळणाने लिहिलेले असते, आणि संगणक ती दोन माणसे समजतो. दुरुस्तीसाठी कामगार आणि मालक यांचे संयुक्त घोषणापत्र लागते. ठेकेदार परागंदा झाला असेल किंवा आस्थापना बंद पडली असेल, तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या ठरवून दिलेल्या व्यक्तीकडून साक्षांकन घेता येते. जन्मतारखेसाठी मात्र आधार पुरत नाही, जानेवारी २०२४ पासून निधी संघटना ते पुरावा मानत नाही. नागरी नोंदणीचा दाखला पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या घरोघरी असतो. बाहेरून आलेल्या मजुराकडे बहुधा शाळा सोडल्याचा दाखलाच असतो, आणि तोही नसेल तर सिव्हिल सर्जनचा वैद्यकीय दाखला आणि शपथपत्र मिळवण्यात अर्ज अडतो.

स्वतःचा ट्रक खाणीवर लावणारे तर या सगळ्याच्या बाहेर आहेत. ते कुणाचे नोकर नसल्याने त्यांची वर्गणी कधी भरलीच गेली नाही, आणि सिद्ध करायला सेवाही उरत नाही.