९८ टक्के अचूकता काय लपवते?

“अचूकता ९८ टक्के आली, म्हणजे मॉडेल उत्तमच.”

समजा, हजार व्यवहारांत २० फसवे आहेत. सगळ्यांनाच ‘खरा’ म्हणणारं मॉडेल ९८० वेळा बरोबर ठरतं आणि फसवा एकही पकडत नाही. दुसरं मॉडेल १५ फसवे पकडतं, पण ४५ खऱ्या व्यवहारांवर उगाच संशय घेतं. त्याची अचूकता ९५ टक्केच, तरी कामाचं तेच.

पडताळायचं तर खरे आणि फसवे अशा दोन्ही गटांतलं बरोबर उत्तरांचं प्रमाण वेगवेगळं काढून सरासरी घ्या. ही संतुलित अचूकता पहिल्याची ५० टक्के, दुसऱ्याची सुमारे ८५. योगायोगाने जुळणारी उत्तरं वजा करणारा ‘कप्पा’ हा निर्देशांक पहिल्याला शून्य देतो, दुसऱ्याला साधारण ०.३६. तो इतका कमी का? कारण दुसऱ्याच्या ६० इशाऱ्यांपैकी ४५ खोटे आहेत, आणि संतुलित अचूकतेत हे जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच बघतो.