एकाच सायकलमधले लेखन आणि वाचन: रजिस्टर फाइल कोणती किंमत दाखवते?

रिस्क-फाइव्ह पद्धतीच्या 32-बिट प्रोसेसरमध्ये प्रत्येकी 32 बिटांची 32 रजिस्टरे असतात आणि त्यांच्या संचाला रजिस्टर फाइल म्हणतात. बेरजेसारखी आज्ञा दोन रजिस्टरे वाचते आणि तिसऱ्यात उत्तर ठेवते, म्हणून साध्या रचनेत या संचाला वाचनाचे दोन पोर्ट आणि लेखनाचा एक पोर्ट दिलेला असतो. हे पोर्ट स्वतंत्र असल्यामुळे एक आज्ञा एखाद्या रजिस्टरमध्ये लिहीत असतानाच दुसरी आज्ञा नेमके तेच रजिस्टर वाचत आहे, असा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी वाचणाऱ्याला जुनी किंमत मिळावी की नवी, हे आपोआप ठरत नाही. रचना करणाऱ्याला ते ठरवावे लागते.

हा प्रसंग नेमका कधी येतो, हे पाच टप्प्यांच्या पाइपलाइनवरून स्पष्ट दिसते. आज्ञा मेमरीतून आणणे (IF), तिचा अर्थ लावून रजिस्टरे वाचणे (ID), गणित करणे (EX), गरज असल्यास मेमरीशी व्यवहार करणे (MEM) आणि उत्तर रजिस्टरमध्ये लिहिणे (WB), असे हे टप्पे आहेत. वाचन दुसऱ्या टप्प्यात आणि लेखन पाचव्यात होते, म्हणजे दोहोंमध्ये तीन सायकलींचे अंतर आहे. साहजिकच एखाद्या आज्ञेचे लेखन चालू असते त्याच सायकलमध्ये तिच्यानंतरची तिसरी आज्ञा वाचन करत असते.

```
cycle            1    2    3    4    5    6    7    8
add x5,x1,x2     IF   ID   EX   MEM  WB
or  x8,x3,x4          IF   ID   EX   MEM  WB
and x9,x3,x4               IF   ID   EX   MEM  WB
sub x6,x5,x7                    IF   ID   EX   MEM  WB
```

समजा `x1` मध्ये 10, `x2` मध्ये 20 आणि `x7` मध्ये 4 आहे, तर `x5` मध्ये आधीच्या कुठल्यातरी कामातली 99 ही किंमत पडून आहे. पाचव्या सायकलमध्ये `add` चे उत्तर 30 लेखनाच्या पोर्टवर तयार असते आणि `sub` त्याच वेळी `x5` वाचत असते. रजिस्टरे फ्लिपफ्लॉपची असतील, तर नवी किंमत आत शिरते ती क्लॉकच्या पुढच्या चढत्या कडेला, म्हणजे पाचवी सायकल संपता संपता. तोपर्यंत वाचनाच्या पोर्टवर 99 हाच आकडा दिसत राहतो. त्याच कडेला दोन गोष्टी एकदम घडतात: `x5` मध्ये 30 जाऊन बसते आणि पाइपलाइनचा पुढचा टप्पा वाचनाच्या पोर्टवरचे 99 उचलतो. `sub` चे उत्तर 26 यायला हवे होते. ते 95 येते.

पाइपलाइनमध्ये गणिताच्या टप्प्याला पुढे गेलेल्या आज्ञांची उत्तरे थेट पोहोचवणारी फॉरवर्डिंगची सोय असते, पण ती येथे उपयोगी पडत नाही. `sub` सहाव्या सायकलमध्ये गणिताला पोहोचते, तेव्हा फॉरवर्डिंगला फक्त MEM आणि WB या टप्प्यांतल्या `and` आणि `or` या आज्ञा दिसतात. `add` तोवर पाइपलाइनमधून बाहेर पडलेली असते. एक व दोन आज्ञांच्या अंतरावरचे अवलंबित्व फॉरवर्डिंग सांभाळते, चार किंवा अधिक अंतरावर किंमत आधीच रजिस्टरमध्ये पोहोचलेली असते. मधले तीनचे अंतर तेवढे रजिस्टर फाइलला स्वतःच सांभाळावे लागते.

पाठ्यपुस्तकांतला प्रचलित उपाय असा, की सायकलच्या पहिल्या अर्ध्यात लिहावे आणि दुसऱ्या अर्ध्यात वाचावे. तो योग्यच आहे, मात्र त्यात वाचनाला अर्धीच सायकल उरते. दुसरा उपाय म्हणजे राइट-थ्रू बायपास. सूचनाफलकावर नवा कागद लावायला कारकून निघालेला असताना, आपल्याला हवी असलेली माहिती त्याच कागदावर असेल तर ती फलकावर न पाहता त्याच्या हातातूनच वाचावी, तसा हा प्रकार आहे. वाचनाचा पत्ता आणि लेखनाचा पत्ता यांची तुलना करायची आणि ते जुळले तर साठवलेल्या किमतीऐवजी लेखनाच्या पोर्टवरची किंमत पुढे पाठवायची. व्हेरिलॉगमध्ये एका वाचन-पोर्टसाठी ते पुढीलप्रमाणे लिहिता येते. येथे `ra1` हा वाचनाचा पत्ता आणि `rd1` ही वाचलेली किंमत, `wa` हा लेखनाचा पत्ता आणि `wd` ही लिहायची किंमत, तर `regs` हा रजिस्टरांचा साठा आहे:

```verilog
assign rd1 = (ra1 == 5'd0)      ? 32'd0 :
             (we && wa == ra1)  ? wd    :
                                  regs[ra1];
```

या तीन ओळींतले खरे कौशल्य पत्त्यांच्या तुलनेत नसून भोवतालच्या दोन अटींत आहे. `we` म्हणजे लेखनाची परवानगी. ती न तपासता केवळ पत्ते जुळवले, तर `sw x10, 20(x2)` ही आज्ञा घोटाळा करते. ही आज्ञा मेमरीत लिहिते, तिला गंतव्य रजिस्टर नसतेच. पण इतर आज्ञांमध्ये गंतव्याचा क्रमांक जेथे असतो त्या पाच बिटांत येथे 20 या अंकाचे बिट बसलेले असतात. परिणामी `x20` वाचणाऱ्या तिसऱ्या आज्ञेला त्याच्या किमतीऐवजी लेखनाच्या पोर्टवर त्या क्षणी असलेला भलताच आकडा मिळेल.

दुसरी अट `x0` ची. हे रजिस्टर नेहमी शून्यच वाचले गेले पाहिजे, पण त्यात लिहिणाऱ्या आज्ञा सर्रास आढळतात. `jal x0` ही साधी उडी परतीचा पत्ता `x0` मध्ये टाकते, म्हणजे खरे तर टाकून देते. शून्याची तपासणी बायपासच्या आधी केली नाही, तर टाकून दिलेला तो पत्ता बायपासमधून वाचणाऱ्याकडे पोहोचतो आणि एका सायकलपुरते शून्य हे शून्य राहत नाही. साठ्यात `x0` नीट जपलेला असतो, म्हणून नंतर रजिस्टरे तपासणाऱ्याला काहीच चुकलेले दिसत नाही. माझ्या मते या विषयातली सर्वांत फसवी चूक हीच आहे.

बायपासचा भुर्दंड वेळेच्या रूपात सोसावा लागतो. पूर्वी `wd` ला सायकल संपेपर्यंत रजिस्टरच्या दाराशी पोहोचले तरी पुरत असे. आता ती किंमत निवडक मंडलातून वाचनाच्या पोर्टवरही त्याच सायकलमध्ये यावी लागते. उडी मारायची की नाही हे ID टप्प्यातच ठरवणाऱ्या रचनेत त्यापुढे तुलनाही करावी लागते आणि हाच मार्ग क्लॉकचा वेग अडवू शकतो. एकाच वेळी चार लेखने आणि आठ वाचने करणाऱ्या प्रोसेसरला तुलनेची मंडलेच 32 लागतात.

एफपीजीएवर रजिस्टर फाइल ब्लॉक रॅममध्ये ठेवली, तर आणखी एक गुंता येतो. तिचे वाचन क्लॉकच्या कडेला होते आणि एकाच पत्त्यावर एका पोर्टने लिहिताना दुसऱ्याने वाचले, तर काही मांडणींत मिळणारी किंमत जुनी किंवा नवी यांपैकी कुठलीच असेल याची हमी नसते. त्यामुळे पत्ते जुळल्याची खूण आणि `wd` ही दोन्ही एका सायकलसाठी वेगळ्या रजिस्टरांत धरून ठेवावी लागतात आणि रॅमचे उत्तर बाजूला सारून ती किंमत वापरावी लागते. वाचणारी आज्ञा ID टप्प्यात अडकून पडली असेल आणि रॅमचे वाचन थांबवलेले असेल, तर धरून ठेवलेली किंमत दरम्यानच्या लेखनामुळे शिळी होऊ शकते. म्हणून अडकलेल्या काळातही पत्त्यांची तुलना चालू ठेवावी लागते.

बायपास नसल्याची खूण ठळक असते. चूक नेमक्या तीनच्या अंतरावर येते आणि मध्ये काहीच न करणारी एक `nop` आज्ञा वाढवली किंवा कमी केली की नाहीशी होते. म्हणूनच रिस्क-फाइव्हच्या `riscv-tests` या चाचणीसंचात किंमत लिहिणारी आणि ती वापरणारी आज्ञा यांच्यामध्ये शून्य, एक आणि दोन `nop` घालून बेरीज पुन्हा पुन्हा तपासली जाते. दोन `nop` ची चाचणी वर पाहिलेल्या पाचव्या सायकलवर जाऊन पडते. ती एकटीच नापास होत असेल, तर सिम्युलेटरच्या तरंगचित्रात `we` 1 असताना `wa` आणि `ra1` सारखे असलेली सायकल शोधावी. तिथे वरच्या 30 आणि 99 सारखी `wd` वर नवी आणि `rd1` वर जुनी किंमत दिसली, तर दोष फॉरवर्डिंगमध्ये शोधत बसण्याचे कारण उरत नाही.